दाभोळचा करार : ‘क्षमता’ म्हणजे वीज नव्हे

१/ ८ डिसेंबर १९९३ रोजी महाराष्ट्र राज्य वीज मंडळ आणि एन्रॉनची दाभोळ पॉवर कंपनी यांच्यात वीजखरेदी करार झाला. प्रकल्प रत्नागिरी जिल्ह्यातील गुहागर तालुक्यातला. पुढे करारात दुरुस्त्याही झाल्या.

२/ या कराराच्या सारांशांत ‘क्षमता’ आणि ‘वीज’ यांची गल्लत सहज होते. प्रकल्प सज्ज असण्याचे शुल्क म्हणजे क्षमता आकार. प्रत्यक्ष घेतलेल्या युनिटांचे शुल्क म्हणजे ऊर्जा आकार. वीज घेतली नाही, तरी पहिला आकार द्यावाच लागे.

३/ २८ जानेवारी २००१ रोजी मंडळाने पूर्ण क्षमतेने वीज मागितली. ठरलेल्या ३ तासांत ती मिळाली नाही. ‘क्षमतेची चुकीची घोषणा’ झाली, असे म्हणत मंडळाने ४०१ कोटी रुपयांचा दावा केला. कंपनीने तो नाकारला. वाद कमी मिळालेल्या युनिटांचा नव्हता, घोषित सज्जतेचा होता.

४/ म्हणून असा करार वाचताना प्रथम शब्दसूची करावी. प्रत्येक संज्ञेपुढे व्याख्या, कलम, ती बदलणाऱ्या दुरुस्तीची तारीख आणि एकच मराठी प्रतिशब्द लिहावा. व्याख्येत दुसरी संज्ञा आली, तर तिचीही नोंद करावी.

५/ मग सारांशातील संज्ञेच्या जागी व्याख्या ठेवून वाचावे. ‘मंडळाने न घेतलेल्या विजेचे पैसे भरले’ हे वाक्य इथे टिकत नाही. मंडळ पैसे मोजत होते ते सज्जतेचे. आणि ती सज्जता खरी होती का, हाच २००१ चा प्रश्न होता.