पोलीस भरतीचा मराठी पेपर: जुन्या प्रश्नांवरून वाक्प्रचार, म्हणी आणि अलंकारांची उजळणी कशी करायची?

‘हातावर तुरी देणे’ या वाक्प्रचाराचा अर्थ काय? पर्याय असे: शेतमाल विकणे, उसने देणे, डोळ्यादेखत फसवून निसटणे, दानधर्म करणे.

वाशिम जिल्ह्यात सोयाबीन, कापूस आणि तूर घरोघरी पिकते. तरीही, किंवा खरं तर त्यामुळेच, घाईत पहिल्या पर्यायावर खूण करणारे उमेदवार असतात. उत्तर तिसरं आहे. भरतीच्या मराठी पेपरमध्ये अशा धाटणीचे प्रश्न वर्षानुवर्षं येतात, म्हणून कारंजा असो की रिसोड, अभ्यासिकेतल्या टेबलावर जुन्या प्रश्नपत्रिकांचा गठ्ठा हमखास दिसतो. गठ्ठा बहुतेकांकडे असतो, पण तो वाचायचा कसा हे फारसं कुणी सांगत नाही.

कोणते पेपर घ्यायचे?

पोलीस शिपाई भरतीची लेखी परीक्षा १०० गुणांची आणि ९० मिनिटांची असते. अंकगणित, सामान्य ज्ञान व चालू घडामोडी, बुद्धिमत्ता चाचणी आणि मराठी व्याकरण असे तिचे चार भाग. प्रश्न १०० असतील तर एका प्रश्नाला सरासरी ५४ सेकंद मिळतात. गणिताला जास्त वेळ द्यायचा, तर मराठीतला तीन-चार शब्दांचा प्रश्न दहा-पंधरा सेकंदांत सुटला पाहिजे. म्हणजे इथे आठवायला वेळ नसतो, उत्तर तयारच असावं लागतं. तलाठी भरतीत २०० पैकी ५० गुण मराठीला असतात आणि प्रश्न २५, त्यामुळे तिथे एक म्हण चुकली की दोन गुण जातात.

पोलीस भरतीची एक गोष्ट उजळणी करणाऱ्याच्या फायद्याची आहे. प्रत्येक जिल्हा पोलीस दल आपली प्रश्नपत्रिका वेगळी काढतं. २०२१च्या भरतीची लेखी परीक्षा मुंबई वगळता राज्यात २ एप्रिल २०२३ला एकाच दिवशी झाली, पण वाशिमचा पेपर वेगळा आणि शेजारच्या अकोल्याचा वेगळा. म्हणून फक्त ‘आपल्या जिल्ह्याचे’ पेपर सोडवून थांबू नये. एका भरतीचे सगळ्या जिल्ह्यांचे मराठी प्रश्न एकत्र ठेवले की कोणते वाक्प्रचार पुन्हा पुन्हा फिरतात ते आपोआप कळतं.

संग्रह घेताना मात्र एक तपासणी करावी. छापील प्रश्नपत्रिकेवरून घेतलेले प्रश्न आणि उमेदवारांच्या आठवणीवरून लिहिलेले प्रश्न यांत फरक असतो. एकच प्रश्न दोन पुस्तकांत वेगवेगळ्या पर्यायांसह दिसला, तर निदान एक तरी आठवणीतला आहे असं समजावं. उत्तर अंतिम उत्तरतालिकेशी जुळवावं. तात्पुरत्या तालिकेवर हरकती येतात आणि काही उत्तरं नंतर बदलतात.

चुकीचे पर्याय वाचा

बहुतेक जण जुना प्रश्न वाचतात, बरोबर उत्तराखाली रेघ मारतात आणि पुढे जातात. इथे तीन चतुर्थांश माल वाया जातो. चांगल्या प्रश्नातला प्रत्येक चुकीचा पर्याय हा दुसऱ्या कुठल्यातरी वाक्प्रचाराचा बरोबर अर्थ असतो.

समजा प्रश्न आहे, ‘कानावर हात ठेवणे’ म्हणजे काय? पर्याय: दुर्लक्ष करणे, माहीत नसल्याचं दाखवणे, चहाडी करणे, पुन्हा तसं न करण्याचा निश्चय करणे. उत्तर दुसरं. आता उरलेल्या तिघांसमोर त्यांचे वाक्प्रचार लिहायचे. दुर्लक्ष करणे म्हणजे कानाडोळा करणे. चहाडी करणे म्हणजे कान फुंकणे. निश्चय करणे म्हणजे कानाला खडा लावणे. एका प्रश्नातून चार नोंदी झाल्या, आणि त्याही एकाच कुटुंबातल्या. पुढच्या पेपरात याच चौघांपैकी कुणीही प्रश्न बनून येऊ शकतो आणि उरलेले पर्यायांत बसू शकतात.

यातली पहिली दोन नेहमी गोंधळात टाकतात. ‘चौकशी सुरू होताच ठेकेदाराने कानावर हात ठेवले’ यात ठेकेदार म्हणतोय की मला काही माहीतच नाही. ‘गावकऱ्यांच्या तक्रारीकडे ठेकेदाराने कानाडोळा केला’ यात त्याला सगळं माहीत आहे, फक्त तो लक्ष देत नाही. दुसऱ्या वाक्यातल्या ‘तक्रारीकडे’मधला ‘कडे’ पाहा. दुर्लक्ष कशाकडे तरी होतं, म्हणून कानाडोळा करण्याआधी ‘कडे’ येतो. रिकाम्या जागी वाक्प्रचार भरायचा असेल तेव्हा अर्थाच्या आधी असा एखादा प्रत्यय किंवा शब्दयोगी अव्यय उत्तर सांगून जातं. म्हणून वहीत नुसता अर्थ लिहून भागत नाही, प्रत्येक नोंदीपुढे स्वतः केलेलं एक वाक्य हवं.

म्हणीत घरची बोली आडवी येते

वाक्प्रचार वाक्यात मिसळतो आणि काळाप्रमाणे बदलतो: हातावर तुरी दिल्या, देतो, देईल. म्हण आपल्या जागी पूर्ण असते. ‘बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी’ ही म्हण. तुरी दोन्हीकडे आहेत, पण इथे अर्थ आहे, जी गोष्ट अजून हातात नाही तिच्यावरून भांडणं. तुरी पाहून दोन्हींचे अर्थ एकमेकांच्या पर्यायांत टाकणं प्रश्न काढणाऱ्याला सोपं जातं. (जातींवर आणि बायकांवर शेरे मारणाऱ्या म्हणी आज कानाला खटकतात. पण पुस्तकांत त्या आहेत, त्यामुळे अर्थ माहीत असावा.)

वाशिमच्या उमेदवाराची अडचण वेगळीच असते. म्हणी त्याने पुस्तकातून नाही, आजीकडून ऐकलेल्या असतात, त्याही वऱ्हाडीत. ‘ज्याचं जळते त्याले कळते’ हे घरी अगदी बरोबर आहे. पेपरात ‘ज्याचे जळते ____ कळते’ असं आलं आणि पर्यायांत ‘त्यालाच’, ‘त्याने’, ‘त्यातच’, ‘तेव्हा’ असले, की अर्थ माहीत असूनही हात क्षणभर थांबतो. म्हण पूर्ण करण्याच्या प्रश्नात छापील रूपच चालतं. त्यामुळे घरात माहीत असलेल्या म्हणी आधी बोलीत लिहून समोर पुस्तकी रूप लिहिलं, तर फक्त फरकाच्या जागा पाठ कराव्या लागतात. हे नव्याने पाठ करण्यापेक्षा कितीतरी कमी काम आहे.

समानार्थी म्हणींची जोडी लावतानाही जपून. ‘पालथ्या घड्यावर पाणी’ आणि ‘गाढवापुढे वाचली गीता, कालचा गोंधळ बरा होता’ या दोन्हींत उपदेश वाया जातो, म्हणून जोडी जमते. पण ‘उथळ पाण्याला खळखळाट फार’ आणि ‘अर्ध्या हळकुंडाने पिवळे होणे’ या दोन जवळच्या वाटतात, तरी सारख्या नाहीत. पहिलीत अंगी गुण थोडा आणि बडबड जास्त. दुसरीत थोडंसं मिळालं की लगेच गर्व.

अलंकार: एकच शेत, आठ वाक्यं

अलंकारांच्या बाबतीत वाशिमचं नाव जुन्या ग्रंथात सापडतं. राजशेखराच्या ‘काव्यमीमांसा’ या संस्कृत ग्रंथात काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचं लग्न विदर्भातल्या वत्सगुल्म नगरात झाल्याची कथा आहे. वत्सगुल्म म्हणजे आजचं वाशिम. पेपरात याचा एकही गुण मिळत नाही, पण माहिती असायला हरकत नाही.

पेपरात बहुतेकदा एखादी ओळ देऊन अलंकार ओळखायला सांगतात. ओळी पाठ करणाऱ्यांची पंचाईत नवी ओळ आली की होते. त्यापेक्षा एकच चित्र घेऊन ते प्रत्येक अलंकारात फिरवून पाहावं. समजा फुटलेला कापूस हे उपमेय, म्हणजे ज्याचं वर्णन करायचं ते. आणि चांदणं हे उपमान, म्हणजे ज्याच्याशी तुलना करायची ते.

‘कापूस चांदण्यासारखा शुभ्र आहे’ ही उपमा. दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि ‘सारखा’ त्यांना जोडतो. सम, समान, प्रमाणे, परी हे त्याचेच भाऊबंद. ‘कापूस म्हणजे जणू जमिनीवर उतरलेलं चांदणंच’ ही उत्प्रेक्षा. इथे तुलना नाही, कल्पना आहे. जणू, वाटे, गमे, भासे हे शब्द तिची ओळख. ‘कापूस हे साक्षात चांदणं’ म्हटलं की दोघांतला भेदच संपतो, म्हणून रूपक. ‘हा कापूस नव्हे, चांदणं आहे’ यात उपमेय नाकारलं, म्हणून अपन्हुती. ‘चांदण्याहूनही शुभ्र कापूस’ यात उपमेय वरचढ ठरलं, तो व्यतिरेक. ‘या कापसासारखा हाच कापूस’, दुसरं उपमानच नाही, तो अनन्वय.

शेवटच्या दोघांत जास्त चुका होतात. ‘हा कापूस की चांदणं?’ हा ससंदेह, कारण पाहणाऱ्याचं मन ठरत नाही. ‘चांदणं समजून चकोर शेतात उतरला’ हा भ्रान्तिमान, कारण चकोराला शंका नाही, त्याने चुकीचं खरं मानलं आणि तसं वागलाही. ओळीत भ्रमातून झालेली कृती सापडली तर भ्रान्तिमान, नुसता प्रश्न सापडला तर ससंदेह. ‘की’ दिसला म्हणून लगेच ससंदेह लिहू नये, उत्प्रेक्षेतही ‘की’ येतो.

शब्दालंकारांत श्लेष आणि यमक यांची गल्लत होते. ‘यंदा सोयाबीनला कुणी भावच दिला नाही’ यात ‘भाव’ एकदाच आला आणि दर व किंमत देणं असे दोन अर्थ निघाले, म्हणून श्लेष. ‘बाजारात भाव नाही, चेहऱ्यावर भाव नाही’ यात तोच शब्द दोनदा आला आणि प्रत्येक वेळी अर्थ वेगळा. हा श्लेष नाही, ही यमकाची बाजू आहे. शब्द किती वेळा आला ते मोजलं तरी बऱ्याचदा काम भागतं.

दुसरी फेरी

पहिल्या फेरीत वेळ न लावता, पर्याय उलगडत जायचं. एका पेपरात या तीन घटकांचे समजा आठ प्रश्न असले, तर बत्तीस पर्याय होतात आणि तेवढ्यात संध्याकाळ जाते. आठवड्याने त्याच प्रश्नांचे पर्याय कागदाने झाकून उत्तर आधी मनात आणायचं, मग कागद काढायचा. पर्याय पाहून ओळखलेलं आणि न पाहता आठवलेलं, या दोन्हींच्या खुणा वेगळ्या ठेवाव्यात. तिसऱ्या वेळी फक्त पहिल्या खुणेचे प्रश्न घ्यायचे, तेही घड्याळ लावून.

एवढं करूनही काही प्रश्न वादाचे राहतात, विशेषतः ज्या ओळीत दोन अलंकार आहेत ते. दोन्ही पर्यायांत दिले असतील तर परीक्षेत जास्त ठळक खुणेचा निवडावा. तात्पुरत्या उत्तरतालिकेत वेगळं उत्तर आलं, तर हरकतीसोबत मो. रा. वाळंबे यांच्या व्याकरणासारख्या प्रचलित पुस्तकाच्या पानाची प्रत जोडावी आणि कोणता शब्द कोणत्या अलंकाराची खूण आहे ते एका वाक्यात लिहावं. हरकतीची मुदत कमी असते, त्यामुळे उत्तरतालिका लागली त्याच दिवशी पान शोधलेलं बरं.