मुदारिअ : मनसूब आणि मज्झूम रूपे

अरबी व्याकरणात वर्तमान-भविष्यवाचक क्रियारूपास मुदारिअ म्हणतात. त्याच्या आधी विशिष्ट अव्यय नसल्यास ते मरफूअ, म्हणजे उकारान्त असते : ‘यक्तुबु’ (तो लिहितो). ‘लन्’, ‘अन्’, ‘कय्’ या अव्ययांनंतर ते मनसूब होऊन अंती स्पष्ट उच्चारलेला अकार येतो, म्हणून ‘लन् यक्तुब’ म्हणजे ‘तो लिहिणार नाही’. ‘लम्’नंतर मात्र ते मज्झूम, म्हणजे अंत्यस्वरहीन होते आणि रूप वर्तमानाचे असूनही ‘लम् यक्तुब्’चा अर्थ ‘त्याने लिहिले नाही’ असा भूतकाळी होतो.

खरी अडचण ‘ला’ची आहे, कारण नकारवाचक ‘ला’ क्रियारूप बदलत नाही, तर निषेधवाचक ‘ला’ ते मज्झूम करतो : ‘ला तक्तुबु’ (तू लिहीत नाहीस), ‘ला तक्तुब्’ (लिहू नकोस). स्वरचिन्हांविना छापलेल्या मजकुरात ही दोन्ही रूपे सारखीच दिसतात आणि निर्णय संदर्भावरच सोपवावा लागतो. पुल्लिंगी अनेकवचनात मात्र ‘ला तक्तुबून’ (तुम्ही लिहीत नाही) याचे ‘ला तक्तुबू’ (लिहू नका) होताना अंत्य नकार लोपतो व भेद लिपीतही उमटतो. मनसूब आणि मज्झूम यांतील फरक येथे नाहीसा होतो, कारण हा नकार दोहोंतही गळतो. स्त्रीलिंगी अनेकवचनी ‘यक्तुब्न’ तिन्ही अवस्थांत अविकृत राहते.