स्ट्राँगिलॉइडिस अतिसंसर्ग
स्ट्राँगिलॉइडिस स्टर्कोरॅलिस या सूत्रकृमीच्या अळ्या प्रतिकारशक्ती दबल्यावर शरीरात बेसुमार वाढून होणारा घातक विकार. लुई नोर्मां या फ्रेंच नौदल डॉक्टरांनी १८७६ मध्ये कोचीन-चायनाहून (आजचे दक्षिण व्हिएतनाम) परतलेल्या सैनिकांच्या विष्ठेत हा कृमी प्रथम पाहिला.

मातीतील अळ्या अनवाणी पायांच्या त्वचेतून शरीरात शिरतात. मादी लहान आतड्यात अंडी घालते. त्यांतून निघालेल्या काही अळ्या आतड्यातच संसर्गक्षम होऊन पुन्हा रक्तात शिरतात (पहा : स्वयंसंसर्ग). त्यामुळे संसर्ग लक्षणांशिवाय दशकानुदशके टिकतो.

दमा, संधिवात किंवा कोविड-१९ साठी प्रेडनिसोलोन, डेक्सामेथासोन यांसारखी औषधे दिल्यावर (पहा : स्टेरॉइडे) हे चक्र अनियंत्रित होते. असंख्य अळ्या आतड्याची भित्ती भेदून फुप्फुसांत पोहोचतात. त्यांच्यासोबत आतड्यातील जीवाणू रक्तात जाऊन जंतुरक्तता व मस्तिष्कावरणशोथ होतो. पोटदुखी, खोकला व धाप ही लक्षणे मूळ आजाराची समजून स्टेरॉइडची मात्रा वाढवली जाण्याचा धोका असतो. इओसिनोफिल पेशींची वाढ बहुधा दिसत नाही. तिच्या अभावावरून विकार नाकारता येत नाही.

निदान विष्ठा व थुंकीतील अळ्यांवरून होते. जुनाट संसर्गात विष्ठेची एकच तपासणी अनेकदा फसते. तेथे रक्तातील प्रतिपिंडांची चाचणी उपयोगी पडते. उपचारात आयव्हरमेक्टिन दररोज किलोमागे २०० मायक्रोग्रॅम, विष्ठा व थुंकी सलग दोन आठवडे अळीमुक्त राहीपर्यंत देतात. जीवाणूंसाठी प्रतिजैविके देतात आणि शक्य तेथे स्टेरॉइड कमी करतात. उपचाराविना विकार बहुधा प्राणघातक ठरतो. म्हणून उष्ण, दमट प्रदेशांत राहिलेल्यांना स्टेरॉइड देण्यापूर्वी चाचणी करतात. वेळ नसल्यास आयव्हरमेक्टिन आधीच देतात (पहा : कृमिनाशके).