शौच डांबरासारखं काळं झालंय? घरी थांबू नका

गुडघेदुखीसाठी रोज डायक्लोफेनॅक घेणाऱ्या साठीतल्या गृहस्थांना काळं, चिकट, उग्र वासाचं शौच झालं, असं समजा. पोट दुखत नाही, म्हणून ते दुर्लक्ष करतात. पण गोळ्यांमुळे जठरात झालेल्या अल्सरमधून रक्त वाहत असू शकतं. पचताना ते काळं पडतं. उलटीत तेच कॉफीच्या चोथ्यासारखं दिसतं.

लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळं होतं, पण सहसा डांबरासारखं चिकट नसतं.

आत किती रक्त गेलं, हे बाहेरून कळत नाही. म्हणून लगेच एंडोस्कोपीची सोय असलेलं रुग्णालय गाठा; दुर्बिणीतूनच रक्तस्राव थांबवता येतो. उभं राहताच चक्कर, थंड घाम किंवा धडधड असेल, तर १०८ला फोन करा. तोवर काही खायला-प्यायला देऊ नका. गोळ्यांची पाकिटं सोबत न्या.