एकाच शहरातला हात, एकाच शहरातली मान : वाढीच्या वयाचा शोध

#थ्रेड

१/ दात सरळ करणाऱ्या दंततज्ज्ञासमोर बारा वर्षांच्या दोन मुली आल्या आहेत, अशी कल्पना करू. दोघींचाही खालचा जबडा मागे राहिलेला आहे. तो पुढे धरून ठेवणारे उपकरण एकीला दिले, तर जबड्याच्या वाढीची साथ मिळेल. दुसरीत तेच उपकरण बहुतांशी दातच कलवील. दोघींची जन्मवर्षे एकच असताना हा भेद कसा ओळखायचा? या प्रश्नाचा इतिहास अमेरिकेतील क्लीव्हलँड शहराभोवती फिरतो.

२/ डिसेंबर १८९५ मध्ये विल्हेल्म रॉन्टगेनने आपल्या पत्नीच्या हाताचे क्ष-किरणचित्र घेतले. लहान मुलांच्या हाताची अशी चित्रे घेतली जाऊ लागली, तेव्हा त्यांत मोकळ्या जागा दिसल्या. मनगटातील कित्येक हाडे अजून कूर्चारूप असतात आणि कूर्चा चित्रात उमटत नाही. वयानुसार एकेक हाड ‘प्रकट’ होत जाते. १८९८ मध्येच लंडनच्या जॉन पोलंड यांनी या क्रमाचा चित्रसंग्रह प्रसिद्ध केला. हाताच्या रूपाने शरीरातील एक घड्याळ माणसाला वाचता येऊ लागले.

३/ ते काटेकोर केले क्लीव्हलँडने. वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठातील शरीररचनाशास्त्रज्ञ टी. विंगेट टॉड यांनी ब्रश फाउंडेशनच्या आश्रयाने त्याच त्या मुलांची चित्रे वर्षानुवर्षे जमवली. १९३७ मध्ये त्यांचा हाताचा अ‍ॅटलस निघाला आणि पुढच्याच वर्षी ते वारले. त्यांच्या संग्रहावरून ग्रॉइलिख आणि पाइल यांनी १९५० मध्ये नवा अ‍ॅटलस सिद्ध केला. तो आजही वापरात आहे. त्यातील मुले मात्र मुख्यतः सुस्थित गोऱ्या कुटुंबांतील होती. जगभरच्या मुलांची हाडे या एका गटाशी ताडली जातात, ही त्याची मर्यादा.

४/ दंततज्ज्ञांना मात्र ‘हाडांचे वय’ एवढेच नको होते. त्यांना हवी होती वयात येतानाच्या वाढीच्या उसळीची चाहूल. अंगठ्याच्या मुळाशी तिळासारखे एक चिमुकले हाड उगवते, त्याला सेसमॉइड म्हणतात. डेन्मार्कच्या ब्यर्क आणि हेल्म यांनी १९६७ मध्ये दाखवले की हे हाड उंचीच्या कमाल वाढीच्या आधी किंवा फार तर तिच्या सुमारास दिसू लागते. मुलींची पहिली पाळी मात्र त्या शिखरानंतर येते. म्हणजे ती आली असेल, तर शिखर बहुधा उलटून गेले.

५/ आता पुन्हा क्लीव्हलँड. त्याच विद्यापीठात, टॉड यांच्याच सहवासात बी. हॉली ब्रॉडबेंट हे दंततज्ज्ञ काम करीत होते. मुलाचे डोके ठरावीक स्थितीत धरून बाजूने चित्र घेणारे यंत्र त्यांनी घडवले आणि १९३१ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. या चित्राला सेफॅलोग्राम म्हणतात. बोल्टन कुटुंबाच्या पाठबळावर हजारो चित्रे जमा झाली. पाहणारे त्यांत जबडे व दात पाहत. खालच्या कोपऱ्यात मानेचे मणकेही उमटत होते, त्यांच्याकडे फारसे कोणी पाहिले नाही.

६/ त्यांच्याकडे नीट पाहिले गेले ते चाळीस वर्षांनी. १९७२ मध्ये पिट्सबर्ग विद्यापीठातील आपल्या प्रबंधात लॅम्पार्स्की यांनी मानेच्या मणक्यांचे टप्पे मांडले. लहानपणी मणक्याची खालची कड सपाट असते. वाढीबरोबर तीत खळगा पडतो, आधी दुसऱ्या मणक्यात, मग तिसऱ्यात, मग चौथ्यात. तिसरा व चौथा मणका आकारही बदलतात : पाचरीसारखे, मग आडवे आयत, मग चौरस, शेवटी उभे आयत. दाताच्या उपचारासाठी सेफॅलोग्राम घ्यावाच लागतो. मग हाताचे वेगळे चित्र आणि त्याचा वेगळा किरणोत्सर्ग कशाला, असा हा विचार होता.

७/ १९७० च्या सुमारास ब्रश आणि बोल्टन हे दोन्ही संग्रह एका छत्राखाली आले होते. १९९५ मध्ये हॅसेल आणि फार्मन यांनी तेथील २२० मुलामुलींचे हात आणि माना समोरासमोर मांडल्या. हाताच्या टप्प्यांशी मानेचे टप्पे जुळले. मात्र येथे एक खोच आहे. मान हातावरून तपासली गेली आणि हात उंचीवरून. प्रश्न होता जबड्याचा, आणि जबडा या साखळीत कुठेच नव्हता.

८/ ती उणीव फ्लॉरेन्सचे बाचेत्ती व फ्रांकी आणि मिशिगनचे मॅकनमारा यांनी भरून काढू पाहिली. त्यांची सुधारित मांडणी २००५ ची. मिशिगनच्या जुन्या वाढ-संग्रहातील ७०६ मुलांतून त्यांनी उपचार न झालेली ३० मुले निवडली. ज्या वर्षी खालच्या जबड्याची लांबी सर्वाधिक वाढली, ते वर्ष आणि त्याच्या मागची-पुढची चित्रे हाताशी असणे ही निवडीची अट होती. त्यातून सहा टप्पे ठरले. जबड्याच्या वाढीचे शिखर तिसऱ्या आणि चौथ्या टप्प्यांच्या मध्ये येते.

९/ आता त्या दोन मुली. पहिलीच्या चित्रात दुसऱ्या व तिसऱ्या मणक्याला खालून खळगा आहे, चौथ्याची कड सपाट आहे. हा तिसरा टप्पा, म्हणून पुढच्या वर्षभरात शिखर अपेक्षित आहे. उपकरण आताच द्यावे. दुसरीच्या तिन्ही मणक्यांना खळगे आहेत आणि चौथा मणका चौरस झाला आहे. हा पाचवा टप्पा, म्हणजे शिखर उलटून किमान वर्ष झाले. तिसरी एखादी मुलगी आली आणि तिन्ही कडा सपाट दिसल्या, तर शिखर सरासरी दोन वर्षे दूर आहे. तिने थांबावे. वरचा जबडा रुंद करायचा असेल तर मात्र हाच अवधी अनुकूल.

१०/ पद्धत सोपी वाटते, पण घोळ वाचनात होतो. २००९ मध्ये एका अभ्यासात दहा दंततज्ज्ञांना तीच चित्रे दिली, तेव्हा निम्म्याहून कमी वेळा त्यांचे एकमत झाले. काही आठवड्यांनी पुन्हा दाखवल्यावर तेच तज्ज्ञ स्वतःशीही अनेकदा असहमत निघाले. २०११ च्या पुढच्या अभ्यासाने दोष कुठे ते दाखवले. खळगे बऱ्यापैकी सारखे वाचले जातात. ‘आडवा आयत की चौरस’ येथे वाद होतो, कारण आकार हळूहळू बदलतो आणि नावे मात्र चारच आहेत.

११/ साध्या अडचणीही आहेत. कंठग्रंथीच्या बचावासाठी बांधलेला शिशाचा पट्टा नेमके तिसरे-चौथे मणके झाकतो. डोके कललेले असेल तर कडा दुहेरी उमटतात आणि सपाट कडही खळग्यासारखी भासते. म्हणून सावध तज्ज्ञ एका चित्रावर विसंबत नाहीत. दर काही महिन्यांनी मोजलेली उंची आणि पाळीची विचारपूस ते सोबत ठेवतात. शंका उरलीच, तर हाताचे चित्र घेतात.

१२/ शिखर खात्रीने कळते ते उलटून गेल्यावरच, कारण त्यासाठी पुढची मोजमापे लागतात. क्लीव्हलँड आणि मिशिगनच्या मुलांची ती मोजमापे घेतली गेली होती, म्हणून त्यांचे शिखर मागे वळून शोधता आले. खुर्चीत बसलेल्या मुलीचे पुढचे चित्र अजून कोणापाशी नसते. तिच्यासाठी हात काय किंवा मान काय, इतर मुलांच्या भूतकाळावरून बांधलेला अंदाजच सांगतात. उपचार मात्र त्या अंदाजावर आजच सुरू करावा लागतो.

(समाप्त)