छत आणि मालकी : लिव्ह-इन नात्यानंतरच्या हक्कांच्या अभ्यासाची प्रस्तावना

मीरा रोड पूर्वेचं शांती नगर कायद्याच्या विद्यार्थ्याच्या वाचनात एका जुन्या निकालातून येतं. ही वसाहत उभारणाऱ्या शांतीस्टार बिल्डर्सच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1990 साली सांगितलं, की जगण्याच्या हक्कात राहण्याजोग्या निवाऱ्याचा हक्कही येतो. तो वाद दुर्बल घटकांसाठीच्या घरांच्या किमतीचा आणि वाटपाचा होता. आपला प्रश्न अशाच घरांच्या दाराआडचा आहे. लग्न न करता दहा-बारा वर्षं एकत्र संसार केलेल्या जोडप्याचं फाटलं, तर त्या वन-बीएचकेत राहणार कोण आणि तो फ्लॅट कोणाचा? हे दोन वेगळे प्रश्न आहेत. त्यांची उत्तरं वेगवेगळ्या कायद्यांत आणि वेगवेगळ्या कोर्टांत मिळतात. या विषयात नव्याने येणाऱ्या वाचकाचं स्वागत करताना मी हा फरकच आधी त्याच्या हाती देते, कारण अर्ध्याहून अधिक गोंधळ तो न कळल्यामुळे होतो.

एक कल्पित उदाहरण घेऊ. शांती नगरातला एक फ्लॅट 2012 साली बत्तीस लाखांना घेतला. दोघं अविवाहित, दोघं कमावते. करारनामा आणि गृहकर्ज त्याच्या नावावर. तिने पीएफ काढून आणि दागिने मोडून सहा लाख त्याच्या खात्यात भरले. पुढे दरमहा आठ हजार हप्त्यासाठी दिले. शेजारी त्यांना नवराबायकोच समजत. 2024 साली त्याने दुसरीकडे लग्न ठरवलं, कुलूप बदललं आणि हिला ‘सामान घेऊन जा’ म्हणून सांगितलं.

तिचा पहिला आधार म्हणजे कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, 2005. लग्नासारख्या स्वरूपाचं नातं असं ज्याला हा कायदा म्हणतो, ते त्याच्या संरक्षणात येतं. दोघं आज एकत्र राहत असलीच पाहिजेत असंही नाही, पूर्वी कधीतरी राहिलेली असली तरी चालतं. मात्र नातं संपणं म्हणजे आपोआप हिंसा नव्हे, ती अर्जात मांडावी लागते. इथे ती दिसते: राहत्या घरात जाऊ न देणं आणि पैशाची कोंडी करणं हा या कायद्याने आर्थिक छळ ठरवला आहे. अर्ज न्यायदंडाधिकाऱ्याकडे करायचा, हवं तर संरक्षण अधिकाऱ्यामार्फत. ती फ्लॅटची मालकीण नाही, तरी तिला घराबाहेर काढू नये असा आदेश कलम 19 खाली मिळू शकतो. तिथे राहणं अशक्य असेल, तर त्याच दर्जाची दुसरी जागा किंवा तिचं भाडं मागता येतं. कलम 20 खाली निर्वाह खर्च मिळतो. ती कमावते एवढ्यावरून तो नाकारला जात नाही, दोघांची मिळकत आणि आजवरचं राहणीमान पाहून रक्कम ठरते. साठ दिवसांत निकाल लावण्याचा प्रयत्न करावा असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात वर्षं जातात, म्हणून कलम 23 खालचा अंतरिम अर्ज पहिल्याच दिवशी जोडायला हवा.

नातं लग्नासारखं होतं हे सिद्ध कसं करायचं? वेलुसामी खटल्यात (2010) सर्वोच्च न्यायालयाने कसोट्या घातल्या: दोघं सज्ञान असावीत, लग्नाला मोकळी असावीत, स्वेच्छेने बराच काळ एकत्र राहिलेली असावीत आणि समाजात पतिपत्नीसारखी वावरलेली असावीत. इंद्रा शर्मा खटल्यात (2013) त्यात सामायिक खर्च, घरकामाची वाटणी, मुलं, नातेवाइकांत येणंजाणं यांची भर पडली. कोर्टात याचे पुरावे अगदी साधे असतात. रेशनकार्ड, आधारवरचा पत्ता, इस्पितळाच्या फॉर्मवर ‘पती’ म्हणून केलेली सही, विम्याचा नॉमिनी, शेजारणीची साक्ष. जोडप्यातला एक कुठल्याही कागदावर दुसऱ्याचं नाव येऊ न देण्याची काळजी घेत असेल, तर पुढे काय होणार याची ती पहिली खूण असते.

‘लग्नाला मोकळी’ या अटीवर मात्र अनेक जणी अडकतात. इंद्रा शर्मा खटल्यातली बाई विवाहित पुरुषासोबत हे ठाऊक असून राहिली होती; कित्येक वर्षांच्या सहवासानंतरही तिचं नातं लग्नासारखं मानलं गेलं नाही. महाराष्ट्रातली वाट त्याआधीपासून बिकट आहे. यमुनाबाई आढाव खटल्यात (1988) पहिली बायको हयात असताना विधिवत लग्न लावलेल्या बाईलाही फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 125 खाली पोटगी नाकारली गेली. राज्य मंत्रिमंडळाने 2008 मध्ये ‘पत्नी’च्या व्याख्येत दीर्घकाळ सोबत राहिलेली स्त्री घ्यावी असा प्रस्ताव मंजूर केला, तो कायदा झाला नाही. 2013 सालच्या बादशाह विरुद्ध ऊर्मिला बादशाह गोडसे या महाराष्ट्रातल्याच खटल्यात न्यायालयाने दार थोडं किलकिलं केलं: पहिलं लग्न लपवून दुसरं करणाऱ्याला स्वतःच्या फसवणुकीचा फायदा घेता येणार नाही. म्हणून तिला काय ठाऊक होतं आणि केव्हापासून, हा मुद्दा अशा खटल्यांत वयापेक्षा आणि वर्षांपेक्षाही वजनदार ठरतो.

आता मालकी. इथे आपल्या उदाहरणातल्या बाईचं नुकसान होतं, आणि ते मला सर्वांत जास्त खुपतं. महाराष्ट्रात लग्नाच्या बायकोलाही नवऱ्याच्या फ्लॅटचा अर्धा वाटा आपोआप मिळत नाही. गोव्यात तिथल्या दिवाणी कायद्यामुळे सर्वसाधारणपणे मिळतो. लग्नाविना राहिलेल्या जोडीदाराला तर कुठेच नाही. मग ‘माझे सहा लाख त्यात आहेत’ म्हणून दावा लावावा, तर बेनामी व्यवहारांचा कायदा आडवा येतो. दुसऱ्याच्या नावावर आपल्या पैशाने घेतलेल्या मालमत्तेवर हक्क सांगायला तो बंदी करतो. 2016 च्या दुरुस्तीने त्यात पती-पत्नी आणि मुलं यांना सूट दिली, जोडीदाराला नाही. पैसे उसने दिले होते असं म्हणावं, तर मुदत साधारण तीन वर्षांची. 2012 ची रक्कम केव्हाच कालबाह्य. बारा वर्षांच्या संसारातला पैसा असा एका बाजूला विरून जातो. बेनामीच्या अपवादांत दीर्घ सहजीवनातला जोडीदार घालायला हवा, असं माझं ठाम मत आहे.

करारनाम्यात दुसरं नाव म्हणून जरी ती असती, तरी चित्र पालटलं असतं. मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम 45 प्रमाणे दोघांनी मिळून घेतलेल्या मालमत्तेत ज्याने जेवढे पैसे घातले तेवढा त्याचा हिस्सा, आणि हिशेब सिद्ध झाला नाही तर दोघांचा सारखा. त्यासाठी दिवाणी न्यायालयात वाटणीचा दावा लागतो. वन-बीएचके भिंत घालून वाटता येत नाही, म्हणून बहुधा एकाने दुसऱ्याचा हिस्सा विकत घ्यायचा किंवा फ्लॅट विकून रक्कम वाटून घ्यायची, असा शेवट होतो. सोसायटीच्या कागदांनी मात्र फसू नये. भागपत्रावर नुसतं दुसरं नाव लागलं, किंवा नामनिर्देशन झालं, तरी मालकी येत नाही. जयंत साळगावकर यांच्या कुटुंबातल्या वादात सर्वोच्च न्यायालयाने 2023 च्या डिसेंबरात शेअर आणि म्युच्युअल फंडांच्या नॉमिनीबद्दल हेच स्पष्ट केलं. आपल्यामागे राहतं घर एकमेकांना द्यायचं असेल, तर मृत्युपत्रच करावं लागतं.

पुरुष जोडीदार आणि समलिंगी जोडपी यांना 2005 च्या कायद्याचा हा आधार मिळत नाही. त्यांच्यापुढे फक्त मालकीचा कागद उरतो. उत्तराखंडने 2024 च्या संहितेत सोडून दिलेल्या जोडीदारणीला पोटगी दिली, पण त्या बदल्यात नात्याची नोंदणी सक्तीची केली. ही अदलाबदल योग्य की अयोग्य, यावर अभ्यासकांनी खुशाल भांडावं.

वाचायला सुरुवात करताना निकालातली हकीकत आधी वाचा, कायद्याचा भाग मागाहून. आणि आपल्या उदाहरणातल्या बाईसारखी कोणी सल्ला विचारायला आली, तर एक गोष्ट विसरू नका. खटला चालू असताना तो फ्लॅट विकला गेला, की राहण्याचा आदेश हाती असूनही नव्या मालकाशी नव्याने झगडावं लागतं. म्हणून विक्री आणि गहाण थांबवण्याची मागणी पहिल्याच अंतरिम अर्जात घालावी, आणि आदेश मिळाला की त्याची प्रत सोसायटीच्या सेक्रेटरीला, कर्ज देणाऱ्या बँकेला आणि दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात पोच घेऊन द्यावी.