कुवेतचं बिल व्हॉट्सअॅपवर आलं? रुपये लिहा, पण दिनार पुसू नका

मुरुडसारख्या किनाऱ्यावरच्या गावांत आखाती देशांतून बिलांचे फोटो येत राहतात. समजा, कुवेतमधल्या भावाने बोटीच्या इंजिनासाठी दोन इंपेलर आणि एक फिल्टर घेतला. बिलावर एकूण १८.७५० दिनार आहेत. ते पैसे त्याला द्यायचे आहेत, म्हणून इकडे वहीत फक्त रुपये लिहिले जातात. घोळ इथेच सुरू होतो.

कुवेती दिनारात हजार फिल्स असतात, त्यामुळे टिंबानंतर तीन आकडे येतात. ओमान आणि बहरीनचंही तसंच. (१९६१ मध्ये दिनार येईपर्यंत कुवेतमध्ये रुपयाच चालायचा, हे आता कुणाला फारसं आठवत नाही.) फोटोत टिंब पुसट झालं की १८.७५० चे १८,७५० होतात. हिशोबापुरता २७० रुपयांचा दर धरला, तर खरी रक्कम ५,०६२ रुपये ५० पैसे आहे. चुकलेली होते ५० लाख ६२ हजार ५००! एवढी मोठी चूक लगेच पकडली जाते. लहान चुका मात्र निसटतात.

बिल अरबी अंकांत असेल तर अरबी पाच आपल्या शून्यासारखा दिसतो आणि अरबी शून्य म्हणजे नुसतं टिंब. पाचाला शून्य समजलं की इंपेलरचे १२.५०० दिनार १२.००० होतात, फिल्टरचे ६.२५० होतात ६.२०० आणि एकूण रक्कम दिसते १८.७००. पण ओळींची बेरीज येते १८.२००. बेरीज जुळत नाही, म्हणजे वाचण्यात चूक आहे. ही तपासणी दिनारातच करायची. रुपयांत केली, तर फरक चुकीच्या वाचनाचा की पैसे पूर्णांकात केल्याचा, हे कळत नाही.

म्हणून वहीत एकाच ओळीत आधी बिलावरचा आकडा जसाच्या तसा, शेवटच्या शून्यासकट लिहावा. मग चलनाचं नाव, धरलेला दर, तो कोणत्या दिवशीचा आणि कुठून घेतला ते, आणि सगळ्यात शेवटी रुपये. आपल्या उदाहरणात: १८.७५०, कुवेती दिनार, २७०, तारीख, ५,०६२.५०. एखादा अंक वाचता येत नसेल, तर अंदाजाने न भरता तिथे प्रश्नचिन्ह टाकावं आणि ती ओळ रुपयांत करू नये.

भावाने पैसे भारतीय कार्डावरून भरले असतील, तर बँक स्वतःचा दर लावते आणि वर शुल्कही घेते. त्यामुळे स्टेटमेंटमधले रुपये वहीतल्या रुपयांशी जुळणार नाहीत. तो व्यवहार याच बिलाचा आहे, हे १८.७५० या आकड्यावरून ओळखता येतं. फिल्टर परत केला, तर दुकानदारही ६.२५० दिनारच परत करेल. त्याचे रुपये त्या दिवशीच्या दराने वेगळे होतील.

फोटो मागवताना तो व्हॉट्सअॅपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगावा. साध्या फोटोचा दर्जा पाठवताना कमी होतो आणि आधी जातं ते नेमकं टिंब.